खऱ्या माणसाच्या नावावर खोटा निकाल नको

माझ्याकडे रविवारी सकाळी बुद्धिबळ खेळायला मुलं येतात. गेल्या सुट्टीत त्यांना मी 'द क्वीन्स गॅम्बिट' या मालिकेतला फक्त शेवटचा सामना दाखवला. बाकीची मालिका त्यांच्या वयाची नाही, नायिका बेथ हार्मनच्या गोळ्या आणि दारू यांच्यातच तिचे बरेच प्रसंग जातात. पण मॉस्कोतला रशियन जगज्जेत्या बोर्गोवविरुद्धचा तो डाव बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहावा असा आहे. डाव तहकूब होतो. पुढची चाल पटावर न खेळता कागदावर लिहून पाकिटात बंद करतात, रात्रभर दोन्हीकडचे लोक त्या स्थितीचा अभ्यास करतात आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून खेळ पुढे सुरू होतो. आज ही पद्धत उरलेली नाही, त्यामुळे मुलांना ती जादूसारखी वाटली. बोर्गोव बरोबरी देऊ करतो, बेथ नाकारते आणि जिंकते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर तेरा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "काकू, हा डाव खरंच कुणी खेळलंय का?"

हो, खेळलंय. १९९३ साली स्वित्झर्लंडमधल्या बील या गावी झालेल्या इंटरझोनल स्पर्धेत युक्रेनचा वासिली इवानचुक पांढऱ्याकडून आणि अमेरिकेचा पॅट्रिक वुल्फ काळ्याकडून हा डाव खेळले होते. मालिकेतला सामना त्याच डावावर बेतलेला आहे. मालिकेचं कथानक १९६८ मधलं आणि चाली १९९३ च्या, पण त्याने काही बिघडत नाही.

"मग इवानचुक जिंकला?"

नाही. तो डाव बरोबरीत सुटला.

हे ऐकल्यावर मुलाचा चेहरा पडला. आपल्याला फसवलं गेलं असं त्याला वाटलं. पडद्यावर बुद्धीच्या स्पर्धा दाखवणाऱ्यांना किती मोकळीक असावी, हा प्रश्न मला त्या चेहऱ्यामुळे पडला आणि तो अजून सुटलेला नाही. माझ्यापुरतं उत्तर मात्र मी ठरवलं आहे. माणसं कल्पनेतली असतील तर डाव हवा तसा बदला. माणूस खरा असेल, त्याचं नाव घेतलेलं असेल, तर त्याच्या निकालाला हात लावू नका. हे बुद्धिबळाला जितकं लागू आहे तितकंच प्रश्नमंजुषेला आणि स्पेलिंगच्या स्पर्धेला.

बील इथल्या डावाचं काय केलं ते आधी सांगते, कारण तिथे मालिकेने चूक केलेली नाही. मालिकेला दोन सल्लागार होते, माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव आणि न्यूयॉर्कचे प्रशिक्षक ब्रूस पँडोल्फिनी. शेवटच्या डावासाठी कास्पारोवने इवानचुक-वुल्फ डाव घेतला, त्याचा मोठा भाग तसाच ठेवला आणि पुढे पांढऱ्याला जिंकता येईल अशी वाट शोधून काढली. म्हणजे प्रत्यक्ष खेळणाऱ्यांना घड्याळाच्या काट्याखाली जे सापडलं नाही, ते एका जगज्जेत्याने निवांत बसून शोधलं. खेळाडू रोज हेच करतात. डाव संपला की पट पुन्हा मांडायचा, "इथे हे खेळलो असतो तर" म्हणत दुसरी वाट चालून बघायची. बेथचा विजय हे तसलंच एक विश्लेषण आहे, फक्त त्याला चेहरे आणि कपडे दिलेले आहेत. बेथ कधी नव्हतीच आणि बोर्गोवही नव्हता. इवानचुकचं किंवा वुल्फचं नाव कुठेही येत नाही. त्यांची बरोबरी जिथे होती तिथेच, स्पर्धेच्या नोंदीत, शाबूत आहे.

मी त्या मुलाला हेच समजावलं. मग आम्ही दोन पट शेजारी शेजारी मांडले. एकावर बीलचा डाव, दुसऱ्यावर मालिकेतला. दोघं जिथे वेगळे होतात तिथे थांबलो. मुलं दीड तास हलली नाहीत.

चूक त्याच भागात, दुसऱ्या ठिकाणी आहे. सामना चालू असताना एक समालोचक बेथबद्दल बोलतो. मुलगी असणं सोडलं तर तिच्यात वेगळं काही नाही, आणि रशियात तेही नवीन नाही, असं तो म्हणतो. नोना गाप्रिंदाशविली आहे, पण ती महिलांची जगज्जेती आहे आणि पुरुषांशी कधी खेळलेली नाही, असं त्याचं पुढचं वाक्य. त्याच वेळी कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या एका स्त्रीवर जातो.

नोना गाप्रिंदाशविली ही कल्पनेतली बाई नाही. जॉर्जियात १९४१ साली जन्मलेली ही खेळाडू १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षं महिलांची जगज्जेती होती. मालिकेतला काळ आहे १९६८. तोवर ती ५९ पुरुष खेळाडूंशी खेळून झाली होती. त्यातले २८ एकाच वेळी समोर बसलेले होते आणि एकूणांत दहा ग्रँडमास्टर होते. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइन इथे, पुरुषांनी भरलेल्या स्पर्धेत तिने पहिला क्रमांक विभागून मिळवला आणि १९७८ मध्ये ती ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री तीच.

ज्या कादंबरीवरून मालिका घेतली ती १९८३ ची आहे. त्या कादंबरीत गाप्रिंदाशविलीचा उल्लेख आहे आणि ती रशियन ग्रँडमास्टरांशी अनेकदा खेळलेली आहे असंच तिथे म्हटलं आहे. म्हणजे मालिका करणाऱ्यांसमोर खरी माहिती होती आणि ती उलटी करून वापरली गेली. कारण कळणं अवघड नाही. नायिका जे करते आहे ते आजवर कुठल्याच बाईने केलेलं नाही असं दाखवलं की तिची उंची वाढते. त्यासाठी ज्या बाईने ते खरोखर केलं होतं तिला खाली ओढावं लागलं.

गाप्रिंदाशविलीने सप्टेंबर २०२१ मध्ये ही मालिका काढणाऱ्या नेटफ्लिक्सवर अमेरिकेत खटला भरला. तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. ही कल्पित कथा आहे, प्रेक्षकांना ते माहीत आहे, तेव्हा दावा फेटाळावा, असं कंपनीचं म्हणणं होतं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केलं नाही. कल्पित कथेत खऱ्या माणसाबद्दल खोटं विधान केलं तर निव्वळ कथा कल्पित आहे म्हणून जबाबदारीतून सुटता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड करून खटला मिटवला.

मराठी वाचकाला हे दूरच्या देशातलं प्रकरण वाटायचं कारण नाही. मुंबईच्या तीन बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर, आपल्याकडे महिला बुद्धिबळाच्या पहिल्या पिढीत होत्या. वडील नीळकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली आणि ती वासंतीने जिंकली. त्यानंतरही अनेक वर्षं ते विजेतेपद याच घरात फिरत राहिलं. धाकटी रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. भारतात हे आधी कुणी केलं नव्हतं. त्यावरून इतका गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूव, यांनीही मुलींना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अडवता येणार नाही असा निर्णय दिला.

आता समजा उद्या कुणी भारतातल्या एखाद्या कल्पित बुद्धिबळपटू मुलीवर मालिका काढली आणि तिच्यातलं एखादं पात्र सहज म्हणून गेलं, "खाडिलकर बहिणी होत्या म्हणा, पण त्या फक्त बायकांशीच खेळल्या." कोर्टात जाऊन मिळवलेला हक्क एका वाक्यात पुसला जाईल. पाहणारी तेरा वर्षांची मुलगी ते खरं मानेल, कारण पडद्यावरचा पट बरोबर मांडलेला असेल, घड्याळ बरोबर दाबलं जात असेल, चाली खऱ्या असतील. इतकं सगळं अचूक असताना एवढं एकच खोटं आहे हे तिला कळणार कसं? मालिकेत बुद्धिबळ जितकं चांगलं, तितकं त्यातलं खोटं विधान जास्त पचतं. 'द क्वीन्स गॅम्बिट'मधलं बुद्धिबळ फार चांगलं आहे, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागतं.

दुसरं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आहे आणि त्याबद्दल माझंही मत बदलत गेलेलं आहे. 'सर्चिंग फॉर बॉबी फिशर' हा १९९३ चा चित्रपट. जॉश वेट्झकिन या न्यूयॉर्कच्या मुलाच्या बालपणावर त्याच्या वडिलांनी लिहिलेल्या पुस्तकातून तो आला आहे. चित्रपटातल्या मुलाचं नाव जॉश वेट्झकिनच आहे, त्याच्या शिक्षकाचं ब्रूस पँडोल्फिनीच आहे. शेवटच्या डावात त्याच्यासमोर जोनाथन पो नावाचा, घुम्या आणि उर्मट असा मुलगा बसतो. जॉशला जिंकण्याची बारा चालींची वाट दिसते. ती दिसल्यावर तो हात पुढे करून समोरच्याला बरोबरी देऊ करतो, हे मला त्या चित्रपटातलं सगळ्यात सुंदर दृश्य वाटतं. पो हात झिडकारतो आणि हरतो.

प्रत्यक्षात १९८६ च्या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जॉशसमोर जेफ सारवर हा कॅनडाचा मुलगा होता. डाव बरोबरीत सुटला आणि पहिल्या स्थानावर दोघंही होते. त्याच वर्षी सारवर दहा वर्षांखालच्या मुलांचा जगज्जेता झाला. चित्रपटातली स्थिती मुद्दाम रचलेली आहे, त्या डावातून आलेली नाही.

चित्रपट करणारे म्हणू शकतात की आम्ही प्रतिस्पर्ध्याचं नाव बदललं, मग तक्रार कसली? कित्येक वर्षं मीही असंच म्हणायचे. आता मला ते पटत नाही. एका बाजूचं नाव खरं ठेवलं आणि दुसऱ्याचं बदललं की प्रश्न आपोआप उभा राहतो: वेट्झकिनसमोर खरा कोण होता? उत्तर शोधायला दोन मिनिटं लागतात. मग बरोबरी करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या नावाला पराभव चिकटतो आणि त्याबरोबर चित्रपटाने पोला दिलेला उद्धटपणाही. दोन्ही नावं बदलली असती तर ही निखळ कथा झाली असती. दोन्ही खरी ठेवून निकाल खरा ठेवला असता तर तो इतिहास झाला असता. इथे सोयीने अर्धं एकीकडचं, अर्धं दुसरीकडचं घेतलं आहे.

आणि गंमत अशी की खऱ्या निकालात चित्रपटाला हवं ते सगळं होतंच. जॉशने बरोबरी देऊ केली, हा त्या कथेचा गाभा आहे. ती बरोबरी स्वीकारली गेली असती तर काय बिघडलं असतं? लहान मुलं बरोबरीवर रडतात खरी, पण थोडं वर गेलं की बरोबरीची किंमत कळते. जिंकणाऱ्याला एक गुण, बरोबरीत दोघांना अर्धा-अर्धा. हरत आलेला डाव ओढून बरोबरीत आणला तर तो अर्धा गुण हिऱ्यासारखा असतो. खेळ जितका वरच्या दर्जाचा, तितक्या बरोबऱ्या जास्त. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्यात जगज्जेतेपदाचे नेहमीच्या वेळेचे बारा डाव झाले आणि बाराही बरोबरीत सुटले. पडद्यावर मात्र बरोबरी दिसते ती फक्त नाकारण्यासाठी. बेथ नाकारते, पो नाकारतो. अर्ध्या गुणाचा चित्रपट मला तरी अजून भेटलेला नाही.

बरोबरीचा सगळ्यात वाईट उपयोग बुद्धिबळाने नाही, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेने केला. १९५० च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम होता. दोन स्पर्धक काचेच्या वेगवेगळ्या खोल्यांत उभे. प्रत्येकाने एक ते अकरापैकी किती गुणांचा प्रश्न हवा ते सांगायचं, गुण जास्त तर प्रश्न अवघड, आणि आधी २१ गाठायचे. समोरच्याचे गुण कळत नाहीत. फरकाच्या प्रत्येक गुणाला ५०० डॉलर, आणि बरोबरी झाली की पुढच्या फेरीत हा दर आणखी ५०० ने वाढायचा. म्हणजे बरोबरी जितक्या वेळा होईल तितका प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येणार. निर्मात्यांनी ते ओळखलं आणि बरोबऱ्या घडवून आणल्या. उत्तरं आधीच दिली जात होती. कुठे थांबायचं, कुठे कपाळ पुसायचं, तेसुद्धा शिकवलं जात होतं. १९५६ च्या डिसेंबरात हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला हरायला सांगितलं गेलं, तेही १९५५ च्या ऑस्करविजेत्या चित्रपटाच्या प्रश्नावर. उत्तर होतं 'मार्टी', आणि तो त्याचा आवडता चित्रपट होता. त्याने सांगितल्याप्रमाणे चुकीचं उत्तर दिलं. त्याच्या जागी आलेला चार्ल्स व्हॅन डोरेन देशाचा लाडका झाला आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं.

यावर रॉबर्ट रेडफर्डने १९९४ मध्ये 'क्विझ शो' काढला. प्रश्नमंजुषेत भाग घेणाऱ्या मोठ्या मुलांनी तो पाहावाच असं मी सांगते, कारण समोरचा स्पर्धक अडखळतो तेव्हा तो खरंच अडखळतो का, हे ओळखण्याची नजर त्यातून येते. आठवणारा माणूस उत्तराच्या आजूबाजूला चाचपडतो. पाठ केलेला माणूस ठरलेल्या जागी थांबतो आणि मग नेमकं बोलतो. पण खोट्या निकालावरच्या या चित्रपटानेही श्रेयाची नोंद हलवली आहे. त्यात समितीचा तरुण वकील रिचर्ड गुडविन जवळजवळ एकट्याने घोटाळा उघड करताना दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या आधी, १९५८ पासूनच, न्यूयॉर्कमध्ये जोसेफ स्टोन या सरकारी वकिलाने ग्रँड ज्युरीपुढे साक्षीदार उभे करून मोठं काम केलं होतं. गुडविनच्या आठवणींवरून चित्रपट निघाला, म्हणून गुडविन पुढे आला. खोटेपणाविरुद्ध बोलणाऱ्या कलाकृतीने तरी याबाबत काटेकोर असायला हवं होतं.

स्पेलिंगच्या स्पर्धेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे माझी तक्रार कमी आणि कौतुक जास्त आहे. 'स्पेलबाउंड' हा २००२ चा माहितीपट १९९९ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेतल्या आठ मुलांच्या मागे जातो. तो निकाल बदलूच शकत नव्हता, आणि त्यामुळेच त्यात एक क्षण असा आहे जो कुठल्याही पटकथालेखकाला सुचला नसता: भारतीय वंशाचा, महिनोन्‌महिने तयारी केलेला मुलगा 'दार्जिलिंग' या शब्दावर अडखळतो. 'अकीला अँड द बी' हा २००६ चा चित्रपट पूर्ण कल्पित. त्यात अकीला आणि डिलन एकमेकांसाठी मुद्दाम चुकतात, मग दोघंही ठरवून सगळे शब्द बरोबर सांगतात आणि विजेतेपद वाटून घेतात. बरोबरीचा मान राखणारा हा दुर्मीळ शेवट. मुद्दाम चुकणं मला पटत नाही, कारण स्पर्धकाने शब्दाशी खोटं वागू नये असं मला वाटतं. पण ते दोघं कल्पनेतले आहेत, तेव्हा तो हक्क लेखकाचा.

पुढे वास्तवाने त्या चित्रपटाला मागे टाकलं. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं या स्पर्धेत दोन-दोन विजेते झाले. २०१९ मध्ये तर मध्यरात्र होईपर्यंत आठ मुलं उभीच होती. शब्द उच्चारणाऱ्या परीक्षकांनी त्यांना सांगितलं की यादीत शब्द बाकी आहेत, पण तुम्हाला अवघड जातील असे शब्द आता संपत आले आहेत. आणखी तीन फेऱ्या, आणि जे टिकतील ते सगळे विजेते. विसाव्या फेरीअखेर आठही टिकले. त्यांच्या यादीत सुखटणकर हे आडनाव वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. कुणी कुणासाठी चुकलं नाही, कुणी कुणाला सूट दिली नाही. आठ जणांनी मिळून शब्दकोशाला थकवलं.

त्यानंतर स्पर्धेने नियम बदलला. आता निकाल लागतच नसेल तर नव्वद सेकंदांत जास्तीत जास्त स्पेलिंग बरोबर सांगणारा जिंकतो, आणि २०२२ चा निकाल पहिल्यांदा असाच लागला. टीव्हीला एकच चेहरा हवा असतो, यापलीकडे मला त्याचं कारण दिसत नाही. शब्दाचं मूळ विचारायचं, अर्थ विचारायचा, वाक्यात उपयोग विचारायचा, हवेत बोटाने लिहून पाहायचं, या सगळ्यातून मूल शब्दापर्यंत पोचतं. नव्वद सेकंदांच्या शर्यतीत तेवढी उसंत उरत नाही. पडद्याची सवय आता स्पर्धेच्या नियमांत शिरली आहे आणि मला ते चुकीचं वाटतं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. कथा ही कथा असते, तिच्यात प्रत्येक निकाल तपासत बसलो तर चित्रपटच निघणार नाहीत, असं लोक म्हणतात. शिवाजी महाराजांवरचे चित्रपट घ्या, नाटकं घ्या, कोण कुठे काय बोललं हे सगळं लेखकानेच लिहिलेलं असतं. बरोबर आहे. संवाद लिहावेच लागतात. पण बुद्धीच्या स्पर्धेत एक गोष्ट वेगळी आहे. तिची नोंद तिथल्या तिथे होते. बुद्धिबळात दोन्ही खेळाडू प्रत्येक चाल स्वतः लिहितात, शेवटी निकाल लिहून दोघंही सही करतात. स्पेलिंगच्या स्पर्धेत कोणत्या फेरीत कुणाला कुठला शब्द आला ते जाहीर असतं. लढाईत कोण आधी मागे फिरलं यावर इतिहासकार शंभर वर्षं भांडू शकतात, जॉश वेट्झकिनच्या डावाच्या निकालावर भांडायला जागाच नाही. जिथे शंका आहे तिथे लेखकाने कल्पना लढवावी. दोघांनी सही केलेल्या कागदावर खाडाखोड करायची गरज नाही.

आणि गरज वाटलीच तर उपाय साधा आहे. शेवटी नावं येतात तेव्हा दोन ओळी लिहाव्यात: हा डाव अमुक साली अमुक दोघांमध्ये झाला, तो बरोबरीत सुटला, इथे तो बदलला आहे. माझ्याकडच्या मुलाचा चेहरा पडला नसता. उलट त्या ओळी वाचून त्याने लगेच पट मागितला असता.

गाप्रिंदाशविलीच्या जॉर्जियात, बाटुमी शहरात, जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक झाला. अंतिम फेरीत दोन्ही भारतीय होत्या, कोनेरू हंपी आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत. मग जलद डाव, तोही पहिला बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्या जिंकली आणि त्या विजयाबरोबर ग्रँडमास्टर झाली. यावर कधीतरी चित्रपट निघेल. काढणाऱ्यांना माझी आताच विनंती आहे की पहिले तीन डाव गाळू नका. तिसऱ्या डावाची बरोबरी झाल्यावर दोघी कशा उठल्या, मधल्या थोड्या वेळात कोण काय प्यायलं, कोण कुणाशी बोललं, ते हवं तर कल्पनेने लिहा. चाली मात्र झाल्या तशाच ठेवा. रविवारी येणाऱ्या मुलांनी ते चारही डाव वहीत उतरवून घेतलेले आहेत, आणि चित्रपट आला की ती वही मांडीवर ठेवूनच बसणार आहेत.